पाचवी-आठवीच्या परीक्षेची नोटीस पालकांना समजेल अशी कशी लिहायची?

प्रश्न: मी खाजगी अनुदानित शाळेत पाचवीचा वर्गशिक्षक आहे. पाचवी-आठवीला आता नापास करता येतं, हा बदल पालकांना नोटिशीतून कळवायचाय. हेडमास्तर म्हणतात जीआरची भाषाच टाका. पण आमचे निम्मे पालक वाचणारच नाहीत. सोप्या भाषेत आणि मान राखून कसं लिहू?

उत्तर:

सर, जीआरची भाषा टाकू नका, आम्ही टाकून बघितली आहे. मी पण पाचवीलाच शिकवतो आणि आमच्या शाळेने पहिल्या वर्षी जी नोटीस काढली तिची सुरुवात होती "उपरोक्त संदर्भीय शासन निर्णयान्वये आपणांस कळविण्यात येते की", आणि शेवट होता "अन्यथा होणाऱ्या शैक्षणिक नुकसानीस शाळा जबाबदार राहणार नाही". मधे काय होतं ते कुणी वाचलंच नाही. वर ती नोटीस टाकली शाळेच्या सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, म्हणजे दुसरीतल्या पोराची आजीसुद्धा दुसऱ्या दिवशी गेटवर हजर, आमच्या बाळाला नापास करणार का म्हणून. आणि पाचवीतल्या एका मुलीची आई आली ती सरळ दाखला मागायलाच, कारण तिला शेजारणीने सांगितलं की नापास झालं की शाळेतनं नाव काढतात. तिने नोटीस दोनदा वाचली होती बरं का, आणि तरी तिला त्यात उत्तर सापडलं नव्हतं. चूक तिची नाही.

तेव्हा पहिली गोष्ट, नोटीस फक्त पाचवी आणि आठवीच्या पालकांनाच द्या. बाकीच्या वर्गांचं जसं आहे तसंच चाललंय, आकारिक-संकलित आणि श्रेणी. त्यांना नोटीस गेली की विनाकारण घबराट.

आता लिहिण्याआधी आपल्या स्वतःच्या डोक्यात बदल नेमका काय आहे ते स्वच्छ पाहिजे, कारण स्टाफरूममध्येच अर्ध्या लोकांचा गोंधळ असतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही असं होतं. 2019 मध्ये संसदेने ते कलम बदललं आणि पाचवी-आठवीच्या शेवटी परीक्षा घ्यायची, नापास झाल्यास दोन महिन्यांच्या आत पुन्हा संधी द्यायची आणि तरीही जमलं नाही तर त्याच वर्गात ठेवायचं की नाही हे राज्यांवर सोडलं. आपल्या राज्याने 2023 मध्ये नियम बदलले आणि त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये परीक्षा कशी घ्यायची त्याचा जीआर आला. पालकांना यातलं काहीही सांगायची गरज नाही, कलम नंबर, दिनांक, संदर्भ क्रमांक काहीच नको. हेडमास्तरांचा हट्टच असेल तर सगळ्यात खाली बारीक अक्षरात एक ओळ टाका, त्यांचंही समाधान.

पालकाला फक्त चार गोष्टी हव्या असतात. माझ्या पोराला किती मार्क पाहिजेत, नाही पडले तर काय, शाळेतनं काढणार का, आणि मी काय करू. ह्याच क्रमाने लिहा.

मार्कांचं गणित असं. पाचवीला पाच विषय, प्रत्येकी 50 गुणांचे, लेखी 40 आणि तोंडी किंवा प्रात्यक्षिक 10, पास व्हायला प्रत्येक विषयात 18. आठवीला सहा विषय, प्रत्येकी 60 गुणांचे, लेखी 50 आणि तोंडी 10, पास व्हायला 21. दोन्हीकडे 35 टक्केच आहेत पण नोटिशीत "35 टक्के" लिहू नका. आमच्याकडे लिहिलं तर लोकांना वाटलं 35 मार्क पाहिजेत, दहावीसारखे. एक बाप मला म्हणाला, सर 50 पैकी 35 म्हणजे लईच झालं की हो. त्यामुळे सरळ "50 पैकी 18" लिहायचं.

अजून एक बारीक भानगड आहे जी मला पहिल्या निकालाच्या वेळी कळली. पालकांना अनेक वर्षं श्रेणीची सवय आहे, आणि ड श्रेणी 33 टक्क्यांपासून सुरू होते. म्हणजे 50 पैकी 17 पडले तर 34 टक्के, जुन्या प्रगतिपुस्तकाच्या हिशोबाने ड, म्हणजे पोरगं वरच्या वर्गात गेलंच समजा. आता तेच 17 म्हणजे एक गुण कमी. सवलतीच्या गुणांची सोय आहे म्हणा त्यासाठी, पण ती नोटिशीत लिहू नका असं माझं मत, ते निकाल लावताना आपण बघायचं. आधीच सांगितलं की लोक 18 च्या ऐवजी त्यातून सवलत वजा करूनच हिशोब धरतात.

आता शब्द. "अनुत्तीर्ण" लिहिलं की निम्म्यांना कळत नाही आणि "नापास" लिहिलं की घरी पोराला मार बसतो, हे दोन्ही खरं आहे. मी "नापास" हा शब्द एकदाच वापरतो, तोही शाळेतनं काढणार नाही हे सांगताना, कारण तिथे लोकांच्या डोक्यात तोच शब्द असतो. बाकी ठिकाणी "गुण कमी पडले तर". "अप्रगत" तर अजिबात नको, तो आपल्या रजिस्टरमधला शब्द आहे. "पाल्य" पण काढा, कुणी घरात पाल्य म्हणतं का, "आपला मुलगा / आपली मुलगी" लिहा. आणि "पालकांनी दक्षता घ्यावी", "गांभीर्याने नोंद घ्यावी" असलं काही नको. मान राखणं म्हणजे "माननीय पालक महोदय" लिहिणं नव्हे, समोरच्यावर आधीच दोष न ठेवणं. आमच्या जुन्या नोटिशीतली ती "शाळा जबाबदार राहणार नाही" ओळ वाचून एक आजोबा म्हणाले होते, मग शाळा कशाला आहे? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या वर्षी मी जी लिहिली ती खाली देतोय, तुमच्या शाळेप्रमाणे बदलून घ्या. पाचवीची आहे, आठवीची वेगळी छापा, एकाच कागदावर दोन्ही वर्गांचे आकडे टाकले की लोक हमखास चुकीचा आकडा वाचतात.

"नमस्कार,

आपला मुलगा / आपली मुलगी यंदा पाचवीत आहे. पाचवीच्या वार्षिक परीक्षेचा नियम आता पूर्वीसारखा राहिलेला नाही, तो आपल्याला वेळेत माहीत असावा म्हणून हे पत्र.

वर्षाच्या शेवटी पाच विषयांची परीक्षा होईल: मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित आणि परिसर अभ्यास. प्रत्येक विषय 50 गुणांचा. त्यातले 40 लेखी पेपरचे आणि 10 तोंडी परीक्षेचे. दोन्ही मिळून प्रत्येक विषयात 18 गुण लागतात.

एखाद्या विषयात गुण कमी पडले तर शाळा त्या विषयाची जादा तयारी करून घेईल आणि जूनमध्ये त्याच विषयाची परीक्षा पुन्हा होईल. त्यात 18 गुण मिळाले की मूल सहावीत जाईल. तेव्हाही कमी पडले तर एक वर्ष पुन्हा पाचवीत बसावं लागेल.

नापास झालं म्हणून कोणत्याही मुलाला शाळेतून काढलं जाणार नाही, दाखला हातात दिला जाणार नाही.

आपल्याला एवढीच विनंती: तोंडी आणि लेखी परीक्षेच्या दिवसांत मूल शाळेत असावं. कामासाठी बाहेरगावी जायचं असेल तर आधी वर्गशिक्षकांना सांगा, आपण मिळून मार्ग काढू. काही विचारायचं असेल तर शनिवारी शाळा सुटल्यावर कधीही या.

आपला / आपली,
वर्गशिक्षक, पाचवी"

एवढंच. ए-फोरच्या एका बाजूला मोठ्या अक्षरात बसतं. खाली कापून द्यायची पोच ठेवा, पण त्यावर "वाचले व मान्य आहे" नको, "पत्र मिळालं" एवढंच लिहा. मान्य आहे म्हटलं की लोक सही करायला बिचकतात, त्यांना वाटतं आपण कशाला तरी कबूल झालो.

बाहेरगावी जायची ओळ मी मुद्दाम टाकली. आमच्याकडची काही घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, कारखाना बंद होईपर्यंत परत येत नाहीत. त्यांना फेब्रुवारीत नोटीस देऊन काय उपयोग, म्हणून दसऱ्याच्या आधीच द्या. आणि तोंडीचे 10 गुण हा खरा खड्डा आहे. लेखीच्या दिवशी सगळे पोरं हजर असतात पण तोंडी आठवडाभर आधी चालते, तेव्हा कुणी लग्नाला गेलेलं असतं, कुणी शेतात.

आमच्या वर्गातल्या एका पोराचं सांगतो. गणितात त्याला लेखीत 11 पडले आणि तोंडीला तो आलाच नव्हता, मामाच्या गावाला होता. 50 पैकी 11, सात कमी, बाकी चारही विषयांत व्यवस्थित पास. त्याचा बाप निकालाच्या दिवशी आला तेव्हा त्याने ते पत्र घडी करून खिशातच आणलं होतं, काढून "जूनमध्ये त्याच विषयाची" ह्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, म्हणजे फक्त गणित ना सर, कधी पाठवू? ना आरडाओरडा ना दाखला. मे महिन्यात रोज तासभर भागाकार आणि अपूर्णांक घेतले, जूनमध्ये त्याला 23 पडले.

एक काळजी मात्र घ्या. पालक सभेत ही नोटीस वाचून दाखवताना कुणीतरी विचारणारच, "पण सर शेवटी सगळ्यांना पासच करता ना?" तेव्हा हसून हो म्हणायचा मोह होतो, आमच्या एका मॅडमनी म्हटलंही होतं. मग जूनच्या परीक्षेला दोन मुलं आलीच नाहीत, आणि घरी गेलो तर म्हणाले मॅडमच म्हणाल्या होत्या की. त्यामुळे उत्तर एकच द्या, दोन संधी आहेत आणि दोन्हीला मूल हजर पाहिजे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना सभेतच गाठा, कागद पोराच्या हातून पाठवला तर तो दप्तराच्या तळाशी डब्याच्या तेलात सापडतो.

हेडमास्तरांना मसुदा दाखवताना त्यांच्या जीआरच्या भाषेतली एक प्रतही सोबत ठेवा, फाइलला लावायला. आमच्याकडे तसं केल्यावर लगेच सही मिळाली.