आईचे नव्वद दिवस आणि नोव्हेंबरमधला एक बुधवार

स्टुटगार्टहून एका जोडप्याचं पत्र आलंय, अर्धं तिने लिहिलेलं, अर्धं त्याने. ती चौतिसाची, तो सदतिसाचा. जर्मनीत येऊन आठ वर्षं झाली, दोघांच्याही नोकऱ्या कायमच्या. ती लिहिते, "मूल हवं की नको हे आम्हाला खरंच कळत नाही. सगळे एका बाजूला ढकलतात. तुम्ही आम्हाला दोन्ही भविष्यं वाचून दाखवा, पण ढकलू नका." खाली त्याची ओळ: "मला तर फारसं अवघड वाटत नाही. आई येईल, मग वर्षभराची काळजी नाही."

त्या एका ओळीने माझं चित्त वेधलं, आणि आज बराचसा सल्ला तिच्यावरच खर्च होणार आहे. पत्रातले बाकीचे प्रश्न शेवटी, थोडक्यात.

अहो, आई किती दिवस येईल ते मोजलंत का? आपल्यापैकी प्रत्येक घरात हे वाक्य बोललं जातं आणि कॅलेंडर मात्र कुणी काढत नाही. शेंगेनच्या पाहुण्या-व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. उतरण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस त्यात धरतात. समजा, बाळ १० मे २०२७ला अपेक्षित आहे आणि आई तीन आठवडे आधी, २० एप्रिलला आल्या. नव्वदावा दिवस पडतो १८ जुलैला. त्या दिवशी त्यांना निघावं लागेल आणि बाळ असेल जेमतेम दहा आठवड्यांचं. दुसऱ्या आईंनी १९ जुलैला पाऊल ठेवलं तर त्यांचे नव्वद भरतात १६ ऑक्टोबरला. पहिल्या आई १७ ऑक्टोबरला परत येऊ शकतात, कारण त्यांचे आधीचे दिवस तेव्हापासून एकेक करून १८० दिवसांच्या चौकटीबाहेर पडत जातात. त्या १४ जानेवारीपर्यंत राहतील. म्हणजे दोन्ही आयांनी एकही दिवस वाया न घालवता साखळी धरली, व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा मिळाला, हमीपत्राची अपॉइंटमेंट वेळेत झाली आणि दोघींचे गुडघे साथ देत राहिले, तरी बाळ आठ महिन्यांचं होईपर्यंतच घरात मोठं माणूस आहे. तिकडे घरी दोन्ही बाबा एकटे जेवताहेत, हेही त्याच हिशेबात धरा.

माझा मुलगा २००४चा. आम्ही घाबरून आईला पाच आठवडे आधी बोलावलं आणि बाळ आठ दिवस उशिरा आलं. नव्वदातले त्रेचाळीस दिवस वाट बघण्यात गेले. आई निघाली तेव्हा तो सात आठवड्यांचाही नव्हता. फ्रीजमध्ये अळिवाचे लाडू होते, बाळंतविड्यातली दुपटी घडी करून ठेवलेली होती, आणि मी दुपारी तीन वाजता दाराकडे बघत बसायचे. तीन वाजता ती चहा ठेवायची.

म्हणून मी ज्याला त्याला सांगते, "मूल हवं का" हा प्रश्न आधी विचारू नका. आधी पहिल्या सोळा महिन्यांचं कॅलेंडर आखा. तुमचं मी आखून देते. जर्मनीत प्रसूतीआधी सहा आणि नंतर आठ आठवडे आईला संरक्षित रजा असते. हेबामे, म्हणजे सुईण, घरी येते, पहिल्या दहा दिवसांत हवं तर रोज, आणि बारा आठवड्यांपर्यंत तिचा आधार मिळतो. पण गर्भधारणेची चाचणी होकारार्थी आल्याबरोबर तिला शोधावं लागतं, सातव्या महिन्यात शोधायला निघालात तर रिकामी सापडत नाही. एल्टर्नगेल्ड, म्हणजे पालकांना रजेत मिळणारं सरकारी अनुदान, दोघांना मिळून चौदा महिन्यांचं, महिन्याला जास्तीत जास्त १,८०० युरो. नवऱ्याने किमान दोन महिने घेतले तरच चौदा होतात, नाहीतर बारा. तुमची हातात येणारी मिळकत २,९०० असल्याचं तुम्ही लिहिलंय, म्हणजे संरक्षित रजा संपल्यावर तुमच्या घरी असण्याच्या काळात दरमहा अकराशेची घट.

समजा तुम्ही बारा घेतले आणि ह्यांनी तेरावा-चौदावा. हे चौदा महिने पोहोचतात ९ जुलै २०२८ला. पहिल्या वाढदिवसापासून किटामधल्या, म्हणजे पाळणाघरातल्या, जागेवर मुलाचा कायदेशीर हक्क आहे, २०१३पासून. पण हक्क असला म्हणून जागा असतेच असं नाही, आणि बहुतेक जागा सप्टेंबरमध्ये मोकळ्या होतात, जेव्हा मोठी मुलं शाळेत जातात. मग आइनगेव्होनुंग, म्हणजे मूल किटात रुळेपर्यंत आई किंवा वडील रोज तिथे बसणार. आधी तासभर, मग दारापलीकडे, मग कॉफी पिऊन परत. दोन आठवड्यांत होतं, कधी सहाही लागतात. जुलैच्या नऊपासून सप्टेंबरअखेरपर्यंत कोण? त्या रकान्यात "आई" लिहायची असेल तर तिचे नव्वद दिवस त्याआधीच्या सहा महिन्यांत संपवू नका, त्या अडीच महिन्यांसाठी ठेवा. किंवा नवऱ्याने बिनपगारी एल्टर्नझाइट, म्हणजे पालकत्वाची रजा, घ्यायची. माझ्या बघण्यातली भांडणं बाळंतपणात कमी आणि ह्या अडीच महिन्यांत जास्त झाली.

आता तुम्ही मागितलेलं वाचन. दोन्हींसाठी मी एकच दिवस घेते, १५ नोव्हेंबर २०२८, बुधवार. सण नाही, सुट्टी नाही, सव्वापाचला अंधार.

पहिलं भविष्य. सकाळी अकरा वीसला किटामधून फोन: ताप आहे, घेऊन जा. पहिल्या हिवाळ्यात हा फोन पुन्हा पुन्हा येतो. सरकारी विमा असेल तर आजारी मुलासाठी दोघांना सध्या वर्षाला पंधरा-पंधरा दिवस मिळतात, आणि तुमच्यापैकी एकाचे नऊ संपलेत. आज कोण, ह्यावर दोन मिनिटं कुजबूज होते, तुम्ही निघता. लेक तुमच्या खांद्यावर झोपते. संध्याकाळी स्क्रीनवर आजी दिसली की ती फोनला "आजी" म्हणते, फोन बंद असला तरी. मऊ भात, मेतकूट. साडेआठला दोघं सोफ्यावर, एकही वाक्य पूर्ण न करता. महिन्याभरात दोघांनी मिळून काही वाचलेलं नाही, कुठे गेलेला नाहीत. आणि ती झोपेत हसली म्हणून तुम्ही दोघं उठून बघायला जाता.

दुसरं भविष्य. तोच बुधवार. अकरा वीसला तुमची बैठक चालू आहे, ती नीट पार पडते, कारण मार्चपासून तो विभाग तुमच्याकडे आहे. नवरा सहाला येतो, तुम्ही चालत बाहेर जाता. जेवताना जानेवारीचं ठरतं: बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, तुम्ही तीन आठवडे जाणार, तिथूनच थोडं काम करणार. पण ह्याच वर्षी गणपतीत दोन घरांनी तुम्हाला आरतीला बोलावलं आणि नंतरच्या मुलांच्या वाढदिवसाला नाही, त्यांना वाटलं तुम्हाला कंटाळा येईल. ते तुम्ही एकमेकांना अजून बोलून दाखवलेलं नाही. घर शांत आहे. तुम्हाला ती शांतता आवडते, त्यालाही, आणि अधूनमधून एखादी रात्र ती आवडत नाही.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्याबद्दल हिला काय माहीत? माझी धाकटी बहीण लंडनजवळ राहते. तिने आणि तिच्या नवऱ्याने विचार करून मूल न होऊ देण्याचं ठरवलं, तेव्हा ती अडतीसची होती. २०१६मध्ये सांगलीला बाबांचं खुब्याचं हाड मोडलं. ती सात आठवडे त्यांच्या उशाशी होती. मी नऊ दिवस जाऊन मुलाच्या शाळेसाठी परत आले, आणि बाबांना चालवायला कोण शिकवत होतं हे मला माहीत आहे. पुढे तिच्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्याच्या फॉर्मवर दुसरा संपर्क म्हणून तिने शेजारणीचं नाव लिहिलं आणि रात्री मला फोन करून बराच वेळ काही बोलली नाही. माझा मुलगा आता बावीसचा, म्युन्स्टरला असतो. रविवारी फोन करतो, अर्धा जर्मनमध्ये. त्याच्यामुळे माझं म्हातारपण सोपं जाईल असा हिशेब मी धरत नाही. दुसऱ्या रस्त्याला कागदपत्रं लवकर करावी लागतात, एवढा फरक मी पाहिला: फोरझोर्गेफोलमाख्ट, म्हणजे आपण बोलू शकलो नाही तर आपल्या वतीने ठरवणाऱ्या माणसाला आधीच दिलेलं अधिकारपत्र, आणि मृत्युपत्र. मूल नसेल आणि मृत्युपत्रही नसेल तर जर्मनीत सगळं आपोआप जोडीदाराकडे जात नाही, आईवडील किंवा भावंडांचाही वाटा निघतो.

तुमचं पत्र पुन्हा वाचलं तेव्हा एक गोष्ट खटकली. तुम्ही लिहिता, "मूल झालं तर माझी नोकरी, झोप, शरीर सगळं जाईल, नाही झालं तर आम्ही जग बघू." हे लिहितात, "मूल झालं तर घर भरेल, नाही झालं तर म्हातारपणी दोघं भिंतीकडे बघत बसू." तुम्ही दोघंही एका रस्त्याचा सगळ्यात वाईट दिवस दुसऱ्याच्या सगळ्यात चांगल्या दिवसाशी ताडून बघताय. वर्षभर हाच वाद घालून थकलात ह्यात नवल नाही. तेव्हा येत्या शनिवारी एवढं करा. तुम्ही मूल असलेल्या घरातला बुधवार लिहा, ह्यांनी मूल नसलेल्या घरातला. म्हणजे ज्याला जो रस्ता नको वाटतो, त्यानेच तो लिहायचा. सकाळी उठल्यापासून दिवा मालवेपर्यंत, आणि त्यात तुम्हाला स्वतःला आवडेल अशी निदान एक गोष्ट खरी हवी. मग अदलाबदल करून मोठ्याने वाचा. वाचताना कुठे आवाज अडला तिथे पेन्सिलीने खूण करा. लगेच चर्चा नको, आठवडा जाऊ द्या. खुणा दोघांच्या एकाच ठिकाणी पडल्या तर बोलायला सुरुवात तिथून. वेगळ्या पडल्या तर एखाद्या समुपदेशकाकडे जा आणि तो कागद बरोबर न्या, नाहीतर पहिली दोन सत्रं पार्श्वभूमी सांगण्यात जातात.

बाकीचे प्रश्न. वय: चौतिसाव्या वर्षी सहा महिने विचाराला घेतलेत तर काही बिघडत नाही, सहा वर्षं घेऊ नका. पस्तिशीनंतर शक्यता वेगाने उतरायला लागते. एएमएच, म्हणजे बीजांडांचा साठा किती ते सांगणाऱ्या चाचणीचा आकडा नैसर्गिक गर्भधारणेचं भाकीत सांगत नाही, तेव्हा मैत्रिणीचा आकडा ऐकून धसका घेऊ नका. उपचारांची वेळ आली तर सरकारी विमा लग्न झालेल्यांना तीन प्रयत्नांचा निम्मा खर्च देतो, पण बाईचं वय चाळिशीच्या आत लागतं, हे लक्षात असू द्या. नागरिकत्व: एका पालकाचं पाच वर्षं कायदेशीर वास्तव्य आणि कायमचा निवास परवाना असेल तर मूल जन्मतः जर्मन होतं, आणि भारत दोन नागरिकत्वं मानत नाही. पत्रिका: मी बघत नाही.

सासूबाईंचा रविवारचा प्रश्न राहिला. "काही ठरलं का गं?" ह्याचं उत्तर तुम्ही द्यायचं नाही, त्यांच्या मुलाने द्यायचं. आणि त्याच फोनवर त्याने त्यांना विचारावं, "आई, समजा बोलावलं तर तुला किती दिवस जमेल? बाबांचं काय?" मी आईला हे कधी विचारलं नव्हतं. ती गेल्यावर तिच्या वहीत मला सापडलं, २००४च्या त्या नव्वद दिवसांपैकी प्रत्येक दिवसापुढे तिने सांगलीला बाबा काय जेवले ते लिहून ठेवलं होतं.