नवा सेल दोनच रात्री चालला, म्हणजे सेलचा दोष नाही

प्रश्न: "बागेतला सोलर दिवा वर्षभर छान चालला, मग बंद पडला. नवा रिचार्जेबल सेल टाकला तर दोन रात्री लागला आणि परत ठप्प. सेन्सर गेला असेल का? तो असतो कुठे आणि बदलता येतो का?"

सेन्सरच्या मागे लागू नका, निदान आत्ताच नको. हल्लीचे रिचार्जेबल सेल बरेचदा कारखान्यातूनच चार्ज होऊन येतात. तुमचा दिवा त्या आयत्या शिदोरीवर लागला आणि ती संपल्यावर विझला. उन्हातून सेलमध्ये काही गेलंच नाही, असा माझा अंदाज आहे. माझ्याकडच्या दिव्याची हीच कथा होती, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

एका सेलवर चालणाऱ्या छोट्या दिव्यांत बहुतेक वेळा वेगळा सेन्सर नसतोच. पॅनेल हाच सेन्सर. आत चार पायांची एक चिप असते, तिच्यावर YX8018 किंवा QX5252 असं काहीतरी छापलेलं असतं. पॅनेलकडून व्होल्टेज येतंय तोवर ती दिवस समजते आणि सेल चार्ज करते. व्होल्टेज पडलं की रात्र समजून सेलचे १.२ व्होल्ट वाढवते आणि एलईडी लावते. (पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात.) आता पॅनेलची वायर आतून तुटली तर काय होईल? चिपच्या लेखी कायमची रात्र. दिवा भर दुपारीही जळत राहतो, उन्हात ते कुणाच्या लक्षात येत नाही, आणि सेल पार रिकामा होतो.

त्यामुळे पहिली परीक्षा मीटरशिवाय. बाहेरच्या चार्जरवर पूर्ण चार्ज केलेला सेल घाला, बटण चालू करा, दिवा कडक उन्हात ठेवा. पॅनेल उघडं राहू द्या आणि फक्त एलईडीभोवती हाताचा आडोसा करून आत डोकवा. उन्हातही एलईडी पेटलेला दिसला तर पॅनेलचं व्होल्टेज चिपपर्यंत पोचत नाहीये. उन्हात विझलेला आहे आणि पॅनेल जाड पुठ्ठ्याने झाकल्यावर लागतो, तर 'सेन्सर' ठणठणीत आहे. तुमचा दिवा या दुसऱ्या प्रकारातला असावा. वायर पूर्ण तुटली असती तर तो दिवसाही जळला असता आणि दुसरी रात्र बहुधा पाहिलीच नसती.

आता माझा खरा राग. ज्यांच्याकडून दिवा घेतला त्यांच्या सेवा केंद्राने आधी सांगितलं, सेल बदला. बदलला. मग म्हणाले, आम्ही देतो तोच बदला. तोही बदलला. शेवटी निकाल दिला, "सेन्सर गेलाय, सुटा मिळत नाही, नवीन दिवा घ्या." दिवा उघडला तर आत सेन्सर नावाची वस्तूच नाही! पॅनेल उन्हात धरून मीटर लावायला दोन मिनिटं लागली असती, पण तेवढं कुणी केलं नाही. चांगले सेल उगाच खराब समजून टाकून दिले गेले, याचं जास्त वाईट वाटतं.

मीटरने करायची तपासणी अशी. सेल काढा, पॅनेल उन्हाकडे सरळ तोंड करून धरा आणि त्याच्या दोन वायरींवर डीसी व्होल्टेज मोजा. एका सेलच्या दिव्यात २ व्होल्टच्या आसपास यायला हवं. इथेच लोक फसतात. व्होल्टेज बरोबर आलं म्हणजे पॅनेल बरं, असं नाही. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे गंजलेल्या सांध्यातूनही पूर्ण व्होल्टेज दिसतं. माझ्या पॅनेलने २.१ व्होल्ट दाखवले होते. करंट मोजल्यावर बिंग फुटलं.

करंटसाठी सेल परत बसवा, त्याच्या धन टोकात आणि पत्रीत जाड कागदाचा तुकडा सरकवा. मीटर २०० मिलिअँपिअरवर ठेवून एक टोक सेलला आणि दुसरं पत्रीला लावा. कागदाने तोडलेली वाट आता मीटरमधून जाते. असल्या पॅनेलकडून भर उन्हात चाळीसेक मिलिअँपिअर तरी सेलकडे जायला हवेत, पॅनेल बोटभर असेल तर कमी. माझ्याकडे ३ आले. दिवा रात्री तीसेक ओढत होता, म्हणजे सहा तासांच्या उन्हाची कमाई जेमतेम अर्ध्या तासाच्या उजेडापुरती. (मोजून झालं की मीटरची वायर आठवणीने व्होल्टच्या भोकात परत घाला. करंटच्या भोकात राहिली आणि पुढचं व्होल्टेज मोजायला गेलात तर फ्यूज उडेल.)

करंट कमी असेल तर कारणं मुख्यतः दोन. पॅनेलवरचा थर पिवळट, धुरकट झाला असेल तर ओल्या बारीक पॉलिशपेपरने हलक्या हाताने घासा, आधी ८०० नंबर, मग २०००, आणि वर पारदर्शक वार्निशचा हात द्या. माझा थर स्वच्छ होता, दोष मागे होता. पॅनेल चिकटवलेलं असतं, ते जपून उचललं की पाठीवर दोन टाके दिसतात. लाल वायरचा टाका हिरवा पडला होता आणि तांबं काळं झालं होतं. काळ्या तांब्यावर शिसं धरत नाही. चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर कापा, नाहीतर नवी घाला. डाग झटपट द्या, जास्त तापवलं तर पाठीवरची पत्री उखडते आणि मग पॅनेल खरंच जातं. टाके नवे केल्यावर मीटरने ४६ दाखवले.

परत बंद करताना व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन वापरू नका. त्यातलं आम्ल तांबं खातं. बिनवासाचा, न्यूट्रल लिहिलेला घ्या. हे माझं ठाम मत आहे, दुकानदार काहीही म्हणो.

सेलबद्दल थोडंसं. उन्हात ठेवून मोजण्यापेक्षा बाहेरच्या चार्जरवर चार्ज करा, मग १० ओहमचा रेझिस्टर लावून व्होल्टेज बघा. काही मिनिटांत १ च्या खाली घसरला तर सेल बाद. २००० एमएएचचा मोठा सेल घालून फायदा नाही, पॅनेल दिवसाला दोन-अडीचशेच भरणार. आणि साधा, रिचार्ज न होणारा सेल कधीच घालू नका. तो चार्ज व्हायला लागला की गळतो आणि पत्र्या खातो.

समजा, तुमच्या दिव्यात खरोखर वेगळा सेन्सर निघाला, म्हणजे नागमोडी रेघ असलेली, दोन पायांची छोटी चकती. तिचा एक पाय सोडवून रेझिस्टन्स मोजा, जागेवर मोजलेला आकडा खोटा येतो. उजेडात काही हजार ओहम किंवा त्याहून कमी, काळ्या टेपने झाकल्यावर कित्येक लाख. अंधारातही कमीच राहिला तर चकती बदला, पाय उलटसुलट झाले तरी चालतं.

हे सगळं १.२ व्होल्टच्या एका सेलवरच्या दिव्यांचं. तुमच्या सेलवर ३.२ किंवा ३.७ लिहिलं असेल तर वरचे आकडे लागू नाहीत आणि असला सेल घरी सोलून बघू नका. आधी सेलवरचा आकडा आणि उन्हातला करंट इथे लिहा, मग पुढचं सांगतो.