एका पगारावर एफआय: आधी काय करायचं

एफआय म्हणजे पगार थांबला तरी घर चालेल इतकी जमा. ती किती हवी हा आकडा नंतर काढा, आधी दोन कामं करा. घरात कमावणारे तुम्ही एकटेच, म्हणून तुमच्या नावावर साधा टर्म प्लॅन हवा. बहुतेक जण मुलांच्या नावाने चाइल्ड प्लॅन घेऊन बसतात आणि स्वतःचं कव्हर २५ लाखांचं, तसं नको. महिन्याचा खर्च ६० हजार असेल तर वर्षाचे ७.२ लाख, त्याच्या वीसपट म्हणजे साधारण दीड कोटी, वर होमलोन असेल तर तेवढं अजून.

दुसरं, आईबाबांची मेडिक्लेम वेगळी काढा. कंपनीच्या पॉलिसीत आहेत म्हणून लोक निवांत राहतात, पण नोकरी सुटली की ते कव्हर जातं आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजारांना ३ वर्षांपर्यंत वेटिंग असू शकतं, म्हणून नोकरी चालू असतानाच घ्या आणि को-पे, म्हणजे बिलातला आपण भरायचा वाटा, किती ते नीट वाचा. सत्तरी ओलांडली असेल तर ५ लाखांचं आयुष्मान कार्ड उत्पन्न न बघता मिळतं, तेही काढून ठेवा.

आता आकडा. सगळे ६० हजार धरून वर्षाच्या खर्चाची तीसपट केली की २.१६ कोटी येतात आणि माणूस तिथेच हात टेकतो. पण त्यात मुलांचे १२ आणि आईबाबांचे १५ हजार कायमचे नाहीत ना, त्यांचे वेगळे डबे करा. आयुष्यभराचा खर्च उरतो ३३ हजार, त्याचे आजच्या भावाने साधारण १.२ कोटी. महागाईमुळे हा आकडा दरवर्षी नव्याने काढावा लागेल.

सहा महिन्यांचा खर्च एफडीत जमेपर्यंत एसआयपी छोटीच ठेवा.