डँडेलियनचा चहा: पान वेगळं, मूळ वेगळं

लघवी वाढवण्यासाठी डँडेलियन घ्यायचं असेल तर पाकिटावर 'पान' लिहिलंय का ते आधी बघा. मुळाचा भाजलेला, कॉफीसारखा चहा मुख्यतः पचनासाठी घेतात. वाळलेली पानं चार ग्रॅम, कपभर उकळतं पाणी, झाकून दहा मिनिटं. संध्याकाळी उशिरा घेऊ नका, रात्रभर उठावं लागेल.

पानात पोटॅशियम भरपूर असतं, म्हणून 'हा निर्धोक' असं सर्रास सांगतात. इथेच घोळ होतो. समजा, तुम्ही लघवीची गोळी घेताय. फ्युरोसेमाइडने पोटॅशियम घटतं, पण चहाने ते नेमकं भरून निघेल असं धरू नका. उलट दोन्ही मिळून पाणी जास्त जातं, उठताना चक्कर येते. स्पायरोनोलॅक्टोन मात्र पोटॅशियम अंगात धरून ठेवते. त्यात टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी किंवा अधू मूत्रपिंडं असली की ते धोकादायक वाढतं. कधी अशक्तपणा, धडधड जाणवते, कधी काहीच नाही, रक्ततपासणीतच कळतं. म्हणून अशा गोळ्या चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय चहा नको, आणि चहासाठी गोळी तर बंद करूच नका.

पित्ताशयात खडे असतील तर मूळ टाळाच. ते पित्ताचा स्राव वाढवतं. खडा नळीत अडकला तर उजव्या बरगडीखाली कळ, ताप, कावीळ. पित्तनलिकेत अडथळा असेल तर पानही नको.