‘हॅलो, मराठी समजतं ना?’ला काय म्हणावं?

प्रश्न: नाशिकला ठिबक सिंचनाच्या दुकानात फोन घ्यायचं काम करते. घरी गुजराती, शाळा मराठी. फोन उचलला की समोरचा आधी विचारतो, ‘हॅलो, मराठी समजतं ना?’ मी म्हणते, ‘हो, मला मराठी व्यवस्थित समजते. मी आपली काय मदत करू शकते?’ तरी पुढचं बोलणं हिंदीत सुरू होतं. माझं काय चुकतं?

तुमचं पहिलं वाक्य व्याकरणात चोख आहे. पण ते पाठ करूनही म्हणता येतं. आणि दुसऱ्या वाक्याने तर समोरच्याची शंका पक्कीच होते. मराठीत मदत ‘तुम्हाला’ करतात. ‘आपली मदत’ हा हिंदीतल्या ‘आपकी मदद’चा चेहरा आहे, आणि ‘करू शकते’ हे फोनवरच्या छापील वाक्यांमधून आलेलं. ‘मराठी समजते’ असं सांगून लगेच हिंदीच्या साच्यातलं वाक्य आलं, की निफाडचा बागायतदार मनात म्हणतो, हिंदीच बरी.

त्याला तुमची परीक्षा घ्यायची नसते. त्याला आपली अडचण दोनदा, तीही अडखळत सांगायची नसते, एवढंच. म्हणून ‘समजतं ना?’ला उत्तर म्हणून ‘समजतं की, बोला ना’ पुरतं. हा ‘की’ मोठा कामाचा आहे. ‘समजतं’ ही माहिती झाली. ‘समजतं की’ म्हणजे ‘यात विचारायचं काय!’. प्रश्नातल्या ‘ना’ला हा ‘की’ बरोबर जाऊन बसतो.

(‘समजते’ की ‘समजतं’? मराठी भाषा स्त्रीलिंगी, म्हणून ‘समजते’ लिहावं. बोलताना ‘मराठी समजतं’ सर्रास चालतं. विचारणाऱ्याने जे रूप वापरलं तेच परत द्या. मात्र ‘मी समजते’ टाळा. ‘मी त्याला शहाणा समजते’ हे ठीक, तिथे समजणं म्हणजे मानणं. कळण्याच्या अर्थाने मराठीत समजतं ते ‘मला’.)

खरं उत्तर मात्र त्याच्या दुसऱ्या वाक्यावर द्यायचं असतं. समजा तो म्हणाला, ‘बागेत पाणी येईना.’ इथे ‘ठीक आहे, पाणी येत नाही का?’ असं विचारलंत तर अर्थ चुकत नाही, पण रंग उडतो. ‘येत नाही’ ही नुसती परिस्थिती. ‘येईना’त खटपट आहे: कॉक उघडून पाहिला, मोटर चालू आहे, तरीही येईना. किल्ली सापडेना, पोर जेवेना, दार उघडेना, सगळ्यांत हाच हट्ट. म्हणून तुम्ही म्हणा, ‘येईना का? सगळ्याच ओळींना, की शेवटच्या झाडांनाच?’

या एका वाक्यात तीन गोष्टी होतात. त्याचा शब्द त्याला परत मिळतो. ‘ओळ’ आणि ‘झाड’ म्हटल्याने बाग कशी लावलेली असते हे तुम्हाला ठाऊक आहे हे कळतं. आणि प्रश्न कामाचा असतो, कारण सगळीकडेच पाणी नसेल तर आधी फिल्टर बघायला सांगाल, आणि फक्त टोकाला नसेल तर नळीचं टोक उघडून साठलेला गाळ धुवायला. त्यानंतर ‘बरं, मग आपण असं करू’ म्हणा. हा ‘आपण’ त्याला धरून आहे. ‘आम्ही असं करू’ म्हटलंत तर तो बाहेर राहतो. हिंदीत दोन्हीकडे ‘हम’च, म्हणून मराठी नव्याने शिकणाऱ्याचा पाय नेमका इथे घसरतो.

एक उलटी चूकही होते. मराठी दाखवायच्या भरात लोक ‘निश्चितच, आपणांस साहाय्य करण्यास तत्पर आहोत’ असं काहीतरी बोलतात, किंवा म्हणी पेरतात. ते सूत्रसंचालन वाटतं. सटाणा, कळवणकडून फोन आला आणि माणूस अहिराणीत शिरला, तर उसनी अहिराणी बोलू नका. ती दुसऱ्याच शब्दाला उघडी पडते. आपल्या मराठीतच बोला आणि शब्द अडला तर त्या शब्दापुरतंच विचारा: ‘काका, तो शब्द नाही कळला, नळीला म्हणताय की कॉकला?’ ‘परत सांगा’ म्हटलंत की तो सगळंच हिंदीत सांगतो.

राहिला ‘तुम्ही मराठी आहात का?’. हा प्रश्न वेगळा, तो भाषेचा नाही, घराचा आहे. त्याला ‘घरी गुजराती बोलतो, शाळा इथलीच, नाशिकची’ एवढं सांगा आणि लगेच विचारा, ‘हं, कुठल्या ओळीला येईना म्हणालात?’