दीड पगाराच्या शिल्लकीवर नव्या शहरात घर: जवळचं की लांबचं?

"पुढच्या महिन्यात ११ तारखेला नव्या शहरात रुजू होतोय. हातात दीड पगाराएवढी शिल्लक आहे. ऑफिसजवळचं महाग घर घेऊ की लांबचं स्वस्त? सामान आणि रोजचं जाणंयेणं धरून पैसे पुरतील का?"

घर बघण्याआधी नव्या ऑफिसात एक फोन करा आणि विचारा: ११ तारखेला रुजू झालो तर त्या महिन्याचे २० दिवसांचे पैसे महिनाअखेरीस मिळतील, की पुढच्या पगारासोबत? बऱ्याच ठिकाणी पगाराच्या याद्या महिन्याच्या मध्यावरच बंद होतात. माझं तसंच झालं होतं. पहिला पगार हातात यायला पन्नास दिवस लागले, आणि मध्ये दुसरं भाडं येऊन उभं राहिलं.

आता हिशोब. हातात येणारा पगार १०० धरा, म्हणजे तुमची शिल्लक १५०. जवळच्या घराचं भाडं ३६, लांबच्याचं २८ समजू. डिपॉझिट दोन महिन्यांचं आणि पहिलं भाडं आगाऊ. जवळच्या घरासाठी पहिल्याच दिवशी १०८ जातात, लांबच्यासाठी ८४. सामान हलवायला ८ आणि घर लावायला २० धरले, तर जवळच्या घरात १४ उरतात, लांबच्यात ३८. त्यातून २० दिवसांचं खाणंपिणं आणि फुटकळ खर्च म्हणून साधारण २० काढा, वर प्रवास. जवळचं घर सात-आठने तुटीत जातं, लांबच्यात तेराएक शिल्लक राहतात. हे सगळं पगार वेळेवर आला तर. पुढे ढकलला गेला तर दोन्ही घरं झेपणार नाहीत. मग महिनाभर कुणासोबत खोली वाटून घ्या किंवा घरमालकाला डिपॉझिट दोन हप्त्यांत घ्यायला सांगून बघा. लाजू नका, पुष्कळ जण कबूल होतात. फक्त ते करारात लिहून घ्या.

हे आकडे बघून लांबचं घर पक्कं करू नका. भाडं आणि प्रवास नेहमी एकत्र मोजायचे. जवळून प्रवासाला महिन्याला २, लांबून ७ धरले, तर बेरीज ३८ आणि ३५. फरक उरला फक्त ३. त्या तिनासाठी रोज दीड तास जास्त जाणार असेल, तर २२ दिवसांचे ३३ तास होतात. मी असे ३३ तास विकणार नाही, पण हा ज्याचा त्याचा प्रश्न.

वेळ नकाशावर बघू नका. कामाच्या दिवशी, ऑफिसच्याच वेळेला, घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत एकदा जाऊन या, आणि संध्याकाळी परत या. चालणं, थांबणं, गाडी बदलणं सगळं घड्याळात धरा. उशीर झाल्यावर टॅक्सी करावी लागते, तीही महिन्यातून तीन-चारदा धरा. प्रवासखर्च फुगतो तो तिकिटांनी नाही, या टॅक्सीने.

मासिक पास पहिल्या दिवशी काढू नका. पासाची किंमत भागिले एका फेरीचं तिकीट, एवढं गणित पुरतं. पास ३४ फेऱ्यांनंतर वसूल होणार असेल आणि तुम्ही आठवड्यातून तीनच दिवस ऑफिसला जाणार असाल, तर फेऱ्या जेमतेम २६ होतात. पहिले दोन आठवडे सुटी तिकिटं काढून खऱ्या फेऱ्या मोजा.

आता ती सात-आठची तूट. डिपॉझिट आणि भाडं तुमच्या हातात नसतं, पण घर लावायचे २० तुमच्या हातात आहेत. ते १० वर आणले की जवळचं घर बसतं. पहिल्या दिवशी लागतं ते गादी, दिवे, शिजवायला एक शेगडी आणि दोन भांडी, पडदा, एक्स्टेंशन बोर्ड. बाकीचं दुसऱ्या पगारावर. मी घाईने कपाट घेतलं, तर ते जिन्याच्या वळणावर अडकलं, परत पाठवायचं भाडं वर पडलं. आणि खिसा मोठ्या वस्तूंपेक्षा हुक, डबे, पायपुसणं, बादली, कचऱ्याची पेटी यांनी जास्त रिकामा होतो. त्यांची आधी यादी करा, नाहीतर रोज दुकानात जाल.

डिपॉझिट खर्चात धरू नका, पण अडीअडचणीची गंगाजळी म्हणूनही धरू नका. पुढचं घर बदलाल तेव्हा नवं डिपॉझिट आधी भरावं लागतं आणि जुनं नंतर, बहुधा काटछाट होऊनच, परत येतं. म्हणून सामान आत नेण्याआधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा: भिंतींचे ओल आलेले कोपरे, नळ, दारांच्या कड्या, विजेच्या मीटरवरचा आकडा. आणि तो त्याच दिवशी घरमालकाला पाठवून ठेवा.