ड्यूटीला उशीर होणार असेल तर तिकडे कसं कळवायचं?

"ताई, मी नागपूरला स्टाफ नर्स आहे. इंग्लंडमधल्या हॉस्पिटलची ऑफर आलीय, मिस्टर आणि सात वर्षांची मुलगी सोबत येतील. सकाळच्या ड्यूटीला उशीर होणार असेल तर तिथे मॅनेजरला मेसेज कसा करतात? पगार कापतात का? व्हिसाला धोका असतो का?"

व्हिसाचे फॉर्म आणि फी यांची माहिती सरकारी साइटवर मिळेल, म्हणून ते सोडते. तुमचा हा प्रश्न मात्र वाचल्यावर मला राहवेना.

आधी एक सांगते. मॅनेजरच्या व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला म्हणजे कळवलं असं होत नाही. सकाळी पावणेसातला वॉर्ड मॅनेजर बहुधा घरी असते, कधी तिची सुट्टी असते. तुमच्या उशिराची झळ बसते ती रात्रपाळीच्या नर्सला. इथे इंग्लंडमध्ये आमच्या वॉर्डवर साडेसातला हँडओव्हर असतो. पेशंट आणि औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या कुणाच्या तरी ताब्यात दिल्याशिवाय तिला घरी जाता येत नाही. म्हणून वॉर्डच्या लँडलाइनवर फोन करायचा आणि त्या वेळी जी नर्स इन्चार्ज असेल तिच्याशी बोलायचं. तो नंबर पहिल्याच दिवशी मोबाइलमध्ये घालून ठेवा, आणि तुमच्या वॉर्डचा नियम काय आहे तेही तेव्हाच विचारून घ्या. फोनवर कोण बोललं त्यांचं नाव लिहून ठेवायचं आणि मग मॅनेजरला मेसेज.

माझ्यावर आलेली वेळ सांगते. माझे मिस्टर गोदामात रात्रपाळी करतात. ते घरी आले की मी निघते. एका सकाळी त्यांची बस रद्द झाली. मुलगी झोपलेली. इथे मुलांना किती वयापर्यंत एकटं ठेवायचं नाही असं कायद्यात वय लिहिलेलं नाही, पण मुलाला धोका होईल असं एकटं ठेवणं गुन्हा आहे, आणि एवढ्या लहान पोरीला ठेवायचा प्रश्नच नव्हता. मी लगेच फोन केला: "मी आज सकाळच्या शिफ्टला आहे. मुलीजवळ थांबणारं माणूस अडकलंय. मी सव्वाआठला वॉर्डवर असेन. काही बदललं तर साडेसातच्या आत पुन्हा फोन करते." एवढंच बोलले. त्यावर त्यांनी माझे पेशंट दोघींत वाटून घेतले आणि नाश्त्याआधीचं इन्सुलिन कुणी द्यायचं ते ठरवलं. "निघालेच, पाच मिनिटांत येते" म्हटलं असतं तर सगळे माझी वाट बघत बसले असते आणि ते इन्सुलिन राहिलं असतं. वेळ सांगायची ती खरी सांगा. सव्वाआठ सांगून आठला पोहोचलात तर काही बिघडत नाही.

पगाराचं म्हणाल तर, मूल अचानक आजारी पडलं किंवा सांभाळणारं ऐनवेळी आलं नाही, तर तेवढा वेळ रजा घ्यायचा हक्क 1996 च्या रोजगार कायद्यात आहे, तोही नोकरीच्या पहिल्या दिवसापासून. फक्त कारण आणि अंदाजे किती वेळ लागेल हे शक्य तितक्या लवकर कळवायला हवं. त्या वेळेचा पगार द्यायलाच हवा असं मात्र कायदा म्हणत नाही. तुमची स्वतःची बस चुकली तर हा हक्क लागू होत नाही. व्हिसाची भीती मात्र काढून टाका. परवानगीशिवाय सलग 10 पेक्षा जास्त कामाचे दिवस गैरहजर राहिलं तर मालकाला सरकारला कळवावं लागतं. अर्ध्या तासाच्या उशिराचा त्याच्याशी संबंध नाही. वारंवार उशीर झाला तर ऑफिसात बोलावतात, ती गोष्ट वेगळी.

मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास पुढे जातात. मोबाइल आपोआप बदलतो, भिंतीवरचं घड्याळ नाही. त्यात रविवारी पहिली बसही उशिरा सुटते.

आता शाळेचं, जे माझ्या मनातून अजून जात नाही. आम्ही वर्षाच्या मध्येच आलो. घरामागची शाळा भरलेली होती, म्हणून कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, दोन बस बदलून जावं लागेल अशी शाळा दिली. पत्रं लिहिली, वेटिंग लिस्टवर नाव घातलं, दर वेळी तेच उत्तर. शाळा पावणेनऊची, शाळा भरायच्या आधी मुलांना सांभाळणारा तिथला ब्रेकफास्ट क्लब पावणेआठला उघडतो आणि माझी ड्यूटी साडेसातची. म्हणजे मिस्टरांना उशीर झाला की मलाही होणारच. सातारला असते तर शेजारच्या काकूंना हाक मारली असती. इथे त्या सकाळी मोबाइलमधली नावं वर-खाली केली आणि एवढ्या पहाटे जिला फोन करता येईल अशी एकही बाई सापडली नाही. एकटेपणाबद्दल लोक बरंच बोलतात, मला तो त्या दिवशी कळला. मुलगी आता फाडफाड इंग्रजी बोलते, शाळेत रमलीय, आणि तरी आपण तिला इथे आणून बरं केलं का, याचं उत्तर मला देता येत नाही.

म्हणून भाड्याचं घर पक्कं करायच्या आधी जवळच्या शाळांना फोन करून मुलीच्या वर्गात जागा आहे का ते विचारा, आणि क्लब किती वाजता उघडतो तेही. मग ती वेळ हातात घेऊन मॅनेजरशी ड्यूटीच्या वेळांबद्दल बोला. वेळा बदलून मागायचा अर्जही पहिल्या दिवसापासून करता येतो. तो मान्य होईलच असं नाही, पण लेखी द्या.